दव वाळायच्या आत

(दिवाळीच्या सुट्टीत अर्धापूरहून किनवट तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर आपली सहल गेली. पहाटे गाडी सुटल्यावर केलेलं हे निवेदन आहे. यजमानांच्या इच्छेनुसार पोडाचं नाव दिलेलं नाही.)



पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि गाडी बरोबर साडेचारला हलली. आता अर्धा तास कुणी झोपू नका. भोकर येईपर्यंत माझं बोलणं संपेल, आणि भोकरला चहा आहे. मागच्या बाकावर आवाज पोचत नसेल तर हात वर करा. हा माईक ड्रायव्हरदादांचा आहे आणि मधूनमधून तो त्यांच्याच मर्जीने चालतो.

पहिला प्रश्न काल संध्याकाळपासून मला निदान दहा जणांनी विचारला. ताई, इतक्या पहाटे कशाला? सात वाजता निघालो असतो, उन्हं वर आल्यावर पोचलो असतो, लेकरांची झोपमोड झाली नसती. त्याचं उत्तर आधी देते, कारण ते कळलं की आजचे निम्मे नियम सांगायची गरज उरत नाही.

सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत. आपण ज्या पोडावर चाललो आहोत तिथे अठ्ठावीस घरं आहेत. काहींची स्वतःची थोडी जमीन आहे, पण बहुतेक घरांतल्या बायका या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतावर वेचणीला जातात. मजुरी किलोवर मिळते. तिकडे यंदा किलोला दहा रुपयांच्या आसपास दर चालू आहे. हात चांगला चालणारी बाई दिवसभरात चाळीस किलोपर्यंत वेचते. म्हणजे दिवसाचे चारशे रुपये. आणि ही कमाई वर्षभराची नाही, या दोन-तीन महिन्यांचीच आहे.

आता यात आपल्या सोयीची एक गोष्ट आहे, ती म्हणजे दव. या दिवसांत पहाटे दव पडतं आणि उमललेली बोंडं ओली होतात. ओला कापूस वेचला तर वजनात भरतो खरा, पण शेतकऱ्याला तो नको असतो. असा कापूस ढिगात घातला की पिवळा पडतो, आणि विकायला नेला की ओलावा मोजतात. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्याच्यापुढे भावात कपात होते, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की माल घेतच नाहीत. म्हणून दव वाळल्याशिवाय वेचणीला हात लावायचा नाही, असा समजूतदार शेतकऱ्याचा रिवाज असतो. पोडावरच्या बायका पहाटे उठून पाणी भरतात, भाकरी करतात, लेकरांचं बघतात, आणि दहा वाजता फाट्यावरून मजुरांचा टेम्पो सुटतो.

म्हणजे दव वाळेपर्यंतचा वेळ त्या आपल्याला देऊ शकतात. साडेआठ ते पावणेदहा. सव्वा तास. महिनाभरापूर्वी मी आणि आपल्या महिला मंडळाच्या दोघी तिथे जाऊन आलो, तेव्हा नाईकांनी हीच वेळ सांगितली. नाईक म्हणजे पोडाचा प्रमुख. ते म्हणाले, दुपारी आलात तर म्हातारी माणसं आणि कुत्री भेटतील.

आता हिशेब बघा. समजा आपण भोकरला चहावर रेंगाळलो, हिमायतनगरला कुणाची पर्स राहिली म्हणून मागे फिरलो, आणि तासभर उशिरा पोचलो. पाहुणे आले आहेत म्हणून त्या बायका थांबतील. आदिवासी घरात पाहुण्याला दारात सोडून कुणी कामाला जात नाही. टेम्पो मात्र थांबत नाही. बारा-तेरा बायका त्या टेम्पोने जातात. टेम्पो गेला की नुसता तास जात नाही, अख्खा दिवस जातो. बारा बायकांचे चारशे प्रमाणे अठ्ठेचाळीसशे रुपये झाले. आपल्या एका चहाच्या कपाची ती किंमत आहे, आणि ती आपल्याला कुणी सांगणारही नाही. हसून कोरा चहा देतील आणि आपण खूश होऊन परत येऊ.

म्हणून आज भोकरला वीस मिनिटं म्हणजे वीसच मिनिटं थांबायचं. साधारण पावणेसहाला पोचू, सहा-पाचला गाडी सुटेल. त्यानंतर हिमायतनगरला फक्त स्वच्छतागृहासाठी दहा मिनिटं. बहिणींनो, हे नीट ऐका, कारण त्यानंतर सोय नाही. पोडावर ज्या घरी शौचालय आहे ते त्या घराचं आहे. आपण शेहेचाळीस जण आहोत, आणि आपल्यासाठी त्यांना हंडे भरून आणावे लागतील. हिमायतनगरला लाज वाटून कुणी गाडीत बसून राहू नका. आठला आपण फाट्यावर उतरू. ही मोठी गाडी आत जात नाही, पुढे दीड किलोमीटर पायी जायचं आहे. ज्या काकांना आणि मावशींना गुडघ्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी फाट्यावरच्या एका ऑटोवाल्याला सांगून ठेवलं आहे. त्यात सामानही जाईल.

मोजणीची पद्धत सांगते. मागच्या वेळी सीटवर पिशव्या होत्या आणि त्या माणसं म्हणून मोजल्या गेल्या, त्यावरून बरीच थट्टा झाली. या वेळी प्रत्येकाला क्रमांक दिला आहे, चिठ्ठीवर लिहिलेला. एक आणि दोन जोडी, तीन आणि चार जोडी, अशा तेवीस जोड्या. गाडीत चढल्यावर क्रमांक मोठ्याने बोलायचा. तुमचा जोडीदार गाडीत नसेल तर ते सांगायची जबाबदारी तुमची, माझी नाही. दुसऱ्याचा क्रमांक कुणी बोलायचा नाही. ‘तो येतोय मागून’ हे उत्तर चालणार नाही. येणारा आल्यावर स्वतः बोलेल. एवढं पाळलं तर दोन मिनिटांत मोजणी होते.

आता पोडाबद्दल थोडं बोलते. नियम मग सांगेन, म्हणजे ते कुठून आले ते कळेल.

किनवट आज आपल्या नांदेड जिल्ह्यात आहे, पण 1956 पर्यंत तो भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणून तिथल्या लोकांची सोयरीक, बाजार, सणवार आजही तेलंगणाच्या बाजूला जोडलेले दिसतात. गोंड, कोलाम, परधान, आंध असे वेगवेगळे समाज तिथे राहतात. ‘आदिवासी’ हा एकच शब्द वापरून आपण त्या सगळ्यांना एका पोत्यात घालतो. कोलामांची भाषा कोलामी. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्रविड कुळातल्या भाषा आहेत, म्हणजे नातं तेलुगूशी, मराठीशी नाही. आपल्यासोबत धर्माबादकडचे जे दोघे बंधू आहेत, त्यांना कदाचित एखादा शब्द ओळखीचा वाटेल. पोडावरची तरुण मंडळी मराठी चांगली बोलतात. म्हातारी माणसं आपसात कोलामी बोलतील. ती आपल्यालाच काहीतरी म्हणत आहेत असं समजून हसू नका, आणि त्यांच्या बोलण्याची नक्कल करू नका. लेकरांनाही हे समजावून सांगा.

महाराष्ट्रात सरकारने तीन जमातींना विशेष असुरक्षित ठरवलं आहे. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. हे ऐकलं की आपल्या मनात लगेच एक चित्र उभं राहतं. बिचारे, मागासलेले, काही न कळणारे. या चित्राला धक्का देणारी एक गोष्ट सांगते. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन अभ्यासक 1940 च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून गेले. त्या भागातली एक चाल त्यांनी नोंदवून ठेवली आहे. गोंडांकडे जमीन जास्त, त्यांचे राजे होऊन गेले, त्यांची वस्ती मोठी. पण भूमीच्या आणि रानाच्या देवाची पूजा करायची वेळ आली की ते कोलामाला बोलावत. कारण या मातीशी कोलामाचं नातं आपल्याहून जुनं आहे, असं गोंड मानत. आपण ज्यांना रांगेत सगळ्यात मागे उभं करतो, त्यांना शेजाऱ्यांनी पूजेला पुढे उभं केलं होतं.

पोडाच्या मधोमध चावडी असते. आपली गावची चावडी म्हणजे तलाठ्याची बसायची जागा. कोलामांची चावडी तशी नाही. ती बैठकीची जागा आहे आणि पवित्रही आहे. पंचायत तिथे बसते, सण तिथे होतो. तिथे चप्पल-बूट घालून कुणी जात नाही. आपण देवळाच्या दारात काढतो तसंच बाहेर काढायचं, आणि एका ओळीत ठेवायचं, म्हणजे निघताना शोधाशोध होणार नाही.

चावडीबद्दलच एक गोष्ट बहिणींना सांगायची आहे. भावांनी ऐकली तरी हरकत नाही. पाळीच्या दिवसांत बायकांनी चावडीत जायचं नाही, अशी तिथली चाल आहे. तुमच्यापैकी काहींना हे पटणार नाही, मलाही पटत नाही. पण पटत नाही ते सांगायला आपण तिथे चाललेलो नाही, आणि कुणी तुम्हाला विचारणारही नाही. शेजारच्या घराच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली असेल. ज्यांना बाहेर बसायचं आहे त्यांनी तिथे बसावं. मी स्वतः तिथेच बसणार आहे, म्हणजे कोण का बसलं हा प्रश्न उठणार नाही. पोडावरच्या बायकाही बऱ्याचशा ओसरीवरच येतील. खरं सांगू का, खऱ्या गप्पा तिथेच होतील.

आता शिवेवर थांबण्याबद्दल. फाट्यावरून चालत निघालो की पोडाच्या अलीकडे एक चिंचेचं झाड लागतं. तिथे सगळ्यांनी थांबायचं. नाईकांकडचं माणूस घ्यायला येईल, मगच पुढे. ही माझी कल्पना नाही. दिवाळीत त्या भागात गोंडांची दंडारी निघते, तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर बघितली असेल. डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप घातलेले गुसाडी नाचतात. 2021 साली मारलवाईच्या कनक राजू यांना याच नाचासाठी पद्मश्री मिळाली. आपण नाच बघतो, पण दंडारी ही मुळात एका गावाने दुसऱ्या गावाकडे पाहुणं जाण्याची रीत आहे. म्हणजे तीसुद्धा सहलच म्हणा. एका गावची मंडळी वाजतगाजत सोयऱ्यांच्या गावाला जातात. यजमान त्यांना सामोरे येतात, मानाने आत नेतात, जेवू घालतात, नाच होतो, मुक्काम होतो, आणि निरोप घेऊन पाहुणे निघतात. थेट घरात घुसणारा पाहुणा त्या मुलखात कुणाला माहीत नाही. आपण चिंचेखाली पाच मिनिटं थांबलो की आपण कोण आहोत हे त्यांना न बोलता कळतं.

भेटल्यावर राम राम म्हणा किंवा नमस्कार म्हणा. गोंड मंडळी ‘जय सेवा’ म्हणतात. कुणी तसं म्हणालं तर तसंच उत्तर द्या. आपल्यातल्या एका भावाने विचारलं, राम राम म्हटलेलं चालतं का? चालतं. अर्धापूरच्या बाजारात तुम्ही रोज काय म्हणता ते आठवा.

आता देण्याघेण्याचं. तुमच्या पिशव्यांत बिस्किटांचे पुडे आणि चॉकलेट आहेत हे मला माहीत आहे. ते पिशवीतच राहू द्या. ड्रायव्हरदादांनी डिकीत केळीचे चार घड ठेवले आहेत. आपल्या अर्धापूरची केळी, पिकायला लागलेली. एका घडाला आठ-नऊ फण्या आहेत. अठ्ठावीस घरांना घरटी एक फणी, उरलेल्या चावडीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना. ते घड आपण नाईकांच्या स्वाधीन करायचे आणि वाटप पोडावरच्या बायकांनी करायचं. आपण हातात फणी धरून लेकरांना रांगेत उभं करायचं नाही. जाता जाता सांगते, या केळीला इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी मिळतं. ते पैनगंगेचं पाणी आहे, आणि दुपारी सहस्रकुंडला आपण जी नदी बघणार ती तीच.

बिस्किटाला मी इतकी का अडते? आश्रमशाळांना दिवाळीची सुट्टी आहे, म्हणून लेकरं घरी आहेत. वर्षातले थोडेच दिवस ती आईजवळ असतात. पहिल्या पाहुण्याने बिस्किट दिलं की दुसऱ्या पाहुण्याकडे लेकरू हात पुढे करतं. त्याच्या आईला ते बघवत नाही, पण पाहुण्यांसमोर ती काय बोलणार? याच्या पुढची पायरी काय असते ते 2012 साली सगळ्या जगाने बघितलं. अंदमानात जारवा जमातीच्या बायकांना खाण्याचं आमिष दाखवून पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला. देशात आणि परदेशांत संताप झाला, आणि त्याच वर्षी तिथले नियम कडक केले गेले. तुम्ही म्हणाल, ताई, आपण तसे नाही. नाहीच. पण तिथल्या गाड्यांतली माणसंही घरून निघताना तसं ठरवून निघाली नसतील.

हाच विचार फोटोंनाही लागू आहे. पोडावर फोन खिशात ठेवायचा. आपल्या त्रैमासिकासाठी एकच जण फोटो काढेल, तेही चावडीत विचारून आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत. हातपंपावर पाणी भरणारी बाई, अंघोळ करणारं लेकरू, फाटका सदरा, गळकं छप्पर, यांचा फोटो कुणीही काढणार नाही, तोही नाही. गरीब लेकराचा उदास चेहरा छापला की देणग्या वाढतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पंधरा वर्षं या कामात आहे, पावतीपुस्तक मीच लिहिते. पण ते लेकरू उद्या दहावी होईल, नोकरीला लागेल, आणि त्याच्या हातात आपला अंक पडेल. कुणी आपणहून म्हणालं की ताई आमचा फोटो काढा, तर जरूर काढा. काढल्यावर त्यांना दाखवा, आणि छापून पाठवायचा असेल तरच पाठवतो म्हणा.

इथे माझ्या आजच्या सगळ्यात कडक नियमाकडे येते. वचन द्यायचं नाही. लहानसं नाही, मोठं नाही, ‘बघतो’ हेसुद्धा नाही. दुसऱ्या एका गटाची गोष्ट मला त्याच भागात ऐकायला मिळाली. एका चांगल्या मनाच्या पाहुण्याने एका म्हाताऱ्याचे डोळे बघितले, मोतीबिंदू आहे म्हणाला, वहीत नाव लिहून घेतलं आणि सोमवारी गाडी पाठवतो म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. घरी गेला आणि कामात विसरला. म्हातारा पुढचे चार-पाच सोमवार सकाळी धुतलेलं धोतर नेसून फाट्यावर येऊन बसत होता. त्यानंतर सरकारी शिबिराची गाडी खरोखर आली, तेव्हा तो चढला नाही.

मग मदत करायची असेल तर काय करायचं? मला हळूच सांगा, तिथे नव्हे, परतीच्या गाडीत. होण्यासारखं असेल ते समिती ठरवेल आणि आपला कार्यकर्ता नाईकांना जाऊन सांगेल. वही आणि पेन कुणी बाहेर काढू नका. कागदावर काही लिहिलं जातंय असं दिसलं की लोक विचारतात, आमचं नाव लिहिलं का? हा प्रश्न ऐकू आला की समजा, आपण नकळत वचन देऊन बसलो.

विचारण्याबद्दलही दोन शब्द. जमीन किती, पट्टा मिळाला का, कर्ज आहे का, हे प्रश्न विचारू नका. तिथे अनेकांचे वनहक्काचे दावे अडकलेले आहेत. अनोळखी माणूस जमिनीचं विचारू लागला की त्यांना तो कचेरीतला वाटतो. मोहाच्या दारूवरून विनोद नको. लेकरं किती आणि इतकी का, हेही नको. पीक कसं आहे, पाऊस किती झाला, बांबू कुठून आणता, हे विचारा. सगळ्यात चांगलं म्हणजे ते तुम्हाला जे विचारतील त्याची सरळ उत्तरं द्या. मागच्या महिन्यात एका आजीने मला विचारलं, तुमच्या गावात माणूस मेलं की कोण येतं? मी त्याचं उत्तर अर्धा तास देत होते, आणि त्या वस्तीशी माझी ओळख खरी तिथे झाली.

कोलामांचा देव भिमायक. त्याचं स्थान दिसेल, लाकडी खांब दिसतील, त्यांना हात लावू नका, बोट दाखवून चर्चा करू नका. आणि हे आपल्या मंडळीसाठी स्पष्ट सांगते, कारण परवा दोघांनी विचारलं. पत्रकं वाटायची नाहीत. चावडीत प्रार्थना, गाणी नाहीत. ज्यांना प्रार्थना करायची त्यांनी आता गाडीत करावी, परत येताना करावी. पोडावर कुणी विचारलं तुम्ही कोणत्या देवाचे, तर एका वाक्यात खरं सांगा, लपवू नका, आणि तिथे थांबा. काहींना हे थंडपणाचं वाटेल. पण आपण तिथे पाहुणे म्हणून आमंत्रण घेतलं आहे, आणि सांगितलेल्या कारणापेक्षा वेगळ्या कारणाने कुणाच्या घरात बसणं याला माझ्या आईच्या भाषेत फसवणूक म्हणतात. शिवाय तिथे आपले दोन कार्यकर्ते वर्षभर राहून आरोग्याचं काम करतात. आपण एका तासात जे करू त्याचा जाब गावातले आणि बाहेरचे लोक त्यांना विचारतील.

खाण्याचं सोपं आहे. कोरा चहा मिळेल, दूध घातलेला नाही, तो घ्यायचा. मधुमेह असेल तर अर्धा कप घ्या, पण घ्या. भाकरी पुढे आली तर चतकोर मोडून खा. आपले डबे पोडावर उघडायचे नाहीत, ते सहस्रकुंडला. चहाचे पैसे कुणाच्या हातावर ठेवू नका. ठरलेली रक्कम बायकांच्या बचत गटाकडे आधीच दिली आहे. लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने शिष्यांना गावोगाव पाठवलं तेव्हा थैली आणि झोळी बरोबर घेऊ दिली नव्हती. यजमानाने पुढे ठेवलेलं खायला लागावं म्हणूनच असेल, असं मला वाटतं. पाणी मात्र स्वतःचं, प्रत्येकाने दोन बाटल्या. पोडावर एक हातपंप आहे आणि सकाळी त्यावर रांग असते.

पावणेदहाला बायका निघतील. आपण त्यांना थांबवायचं नाही, ‘अजून एक फोटो’ नाही. त्या गेल्यावर अर्धा-पाऊण तास बांबूकाम करणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ बसू. टोपल्या, सुपं, ताट्या विणताना बघायला मिळेल. विकत घ्यायचं असेल तर सांगितलेली किंमत द्यायची. घासाघीस नांदेडच्या मॉलमध्ये करून बघा, तिथे जमली तर इथेही करा.

अकराला फाट्यावरून गाडी, बारापर्यंत सहस्रकुंड. तिथे पैनगंगा काळ्या खडकावरून खाली पडते, अलीकडे आपलं नांदेड आणि पलीकडे यवतमाळ. जागा देखणी आहे आणि तितकीच धोक्याची. खडकावर शेवाळ असतं, कोरडा दिसणारा दगडही निसटतो. खडकात रांजणासारखे खोल खड्डे पडलेले आहेत, आणि वरून पाणी वाहत असलं की ते दिसत नाहीत. वर धरणातून पाणी सोडलं की ऊन पडलेलं असतानाही नदी वाढते. म्हणून पाण्यात कुणी उतरणार नाही, पायही बुडवणार नाही. तरुण संघाला विशेष सांगते, कठड्याच्या पलीकडे सेल्फी नाही. तिथल्या महादेवाच्या देवळाजवळच्या सावलीत डबे खाऊ, खरकटं आणि पिशव्या पोत्यात भरून गाडीत परत आणू. दोनला निघायचं, म्हणजे सहापर्यंत उजेड असतानाच अर्धापूर.

ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या चार सीटवर यावं, आल्याच्या वड्या माझ्याकडे आहेत. भोकर आता जवळ आलं आहे. उतरण्याआधी एकदा मोजणी करून बघू, म्हणजे सवय होईल. चिठ्ठ्या काढा. दुसऱ्याचा नाही, आपापलाच क्रमांक. चला, पुढच्या सीटपासून सुरू करा, एक...